माटोळी वाचली, माणसं राहिली

आमच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात बिस्किटं कधीच नव्हती, आधी सुया-दोरे होते आणि मग पपांनी त्यात फोटोंच्या बारा सीड्या ठेवल्या. फोंड्याचा पाऊस, कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तर सीड्यांचं काय होणार. यंदा चवथीच्या आधी आईने फर्मान काढलं की 2005 च्या चवथीचे फोटो हवेत, कारण गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी कशी बांधली होती यावरून तिचं आणि आतेचं वाजलं होतं.

म्हटलं घरातले सगळेच जुने फोटो काढून घेऊ. हार्ड डिस्क आधी उरकली, कारण ती गेली की सगळी एकदम जाते, सीडी बिचारी हप्त्याहप्त्याने मरते. पेन ड्राइव्हने "फॉरमॅट करू?" विचारलं, मी नाही म्हटलं, काढून परत लावला तर चालला. मग डबा उघडला.

पहिल्या सीडीवर पपांनी हौसेने छापून लावलेला गणपतीचा स्टिकर होता, कडेने सुटलेला. मी म्हटलं काढून टाकू, साफ दिसेल, आणि ओढला. स्टिकरबरोबर चंदेरी पापुद्रापण आला. सीडी डोळ्यासमोर धरली तर आरपार छताचा पंखा फिरताना दिसला. फोटो त्या पापुद्र्यालगतच असतात म्हणे! म्हणजे चकचकीत बाजूला बोट लागू नये म्हणून वीस वर्षं जपलं, तिथे तर सव्वा मिलिमीटर प्लॅस्टिक आहे, जीव सगळा वरच्या लेबलच्या बाजूला. (डीव्हीडीत तो मधोमध असतो, ती जरा सोशिक.)

चवथीची सीडी मिळाली तेव्हा आई पदराने गोल गोल पुसायला लागलेली, मी अक्षरशः ओरडलो. डेटा गोल रेषेत लिहिलेला असतो, गोल चरा पडला की सलग भाग जातो, आडव्या चऱ्यातून ड्राइव्ह निभावून नेतो. म्हणून मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं. "भांडी घासायलापण आता तूच शिकव," आई म्हणाली.

लॅपटॉपवर साधं कॉपी करायला गेलो तर सतराव्या फोटोवर गचका, एरर, सगळं बंद. मग डिचोलीचा भाचा आला, त्याने लिनक्स लावलं आणि म्हणाला, "मामा, एक एक फोटो मागू नका, अख्खी सीडी उचलायची." आणि हे टाइप केलं:

```
ddrescue -n -b2048 /dev/sr0 chavath.iso chavath.map
ddrescue -d -r3 -b2048 /dev/sr0 chavath.iso chavath.map
```

पहिल्या फेरीत सोपं सोपं घेऊन टाकायचं, अडलं तिथे डोकं आपटत बसायचं नाही, दुसऱ्या फेरीत राहिलेल्याच जागी परत परत जायचं. सीडी 2048 बाइटच्या तुकड्यांत वाचली जाते, आमच्या त्या कॅमेऱ्याच्या एका फोटोचे असे सहाशेच्या आसपास तुकडे. ती map फाइल म्हणजे वाण्याच्या उधारीची वही, काय वसूल झालं आणि काय बाकी आहे ते सगळं तीत. ती उडवायची नाही.

तीन तास ड्राइव्ह घरघरला. अख्ख्या सीडीची नक्कल असलेली ती iso उघडली, फोटो दिसले! पण मुख्य फोटोत माटोळी झक्कास, नारळ, सुपाऱ्या, तोरिंगं, अगदी हरण्याचे तुरेपण दिसतायत, आणि गणपतीच्या मुकुटाखाली सगळं करडं. फोटोची फाइल वरून खाली लिहिलेली असते, मधला तुकडा हरवला की त्याच्याखालचा भाग बिघडतो. माटोळी टांगलेली वर, नातेवाईक बसलेले खाली. आईचं काम झालं होतं, ती जिंकली आणि उठून गेली.

मला मात्र चैन पडेना. भाचा म्हणाला ड्राइव्ह बदलून बघा, एकाला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येतं, प्रत्येकाची लेझर वेगळी. शेजाऱ्यांचा बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर आणला, तीच iso, तीच वही, दुसरी कमांड तश्शीच. करडा पडदा खाली सरकला, गणपती पूर्ण सुटला, पपा सुटले. मग चुलतभावाचा जुना डेस्कटॉप, एक तास, आते सुटली, तीपण नेमकी तोंड वाकडं केलेली.

शेवटी डाव्या कोपऱ्यात एक मांडी घातलेला माणूस राहिला, डोक्यावरचे केस दिसतात, कपाळापासून करडा. सगळ्यांचं ठरलं की हे धाकटे काका. फॅमिली ग्रुपवर टाकलं, "काका, तेवढे तुम्ही राहिलात, सॉरी."

काकांचा मेसेज आला, "अरे 2005 ला मी मस्कतला होतो, चवथीला आलोच नव्हतो."

आता आई म्हणते तो आतेकडचा कोणीतरी, आते म्हणते तुमच्याकडचाच. मी म्हापशाच्या मित्राकडे चौथा ड्राइव्ह मागितलाय.