सहकाऱ्याविषयी अभिप्राय लिहिण्यापूर्वी जुन्या नोंदी उघडा

मार्च उजाडला की नाशिकमधल्या अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत वार्षिक मूल्यमापनाची गडबड सुरू होते. वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनाच्या जोडीला बरोबरीने काम करणाऱ्या तीन-चार सहकाऱ्यांचे लेखी अभिप्राय घेण्याची पद्धत आता आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या कारखान्यांतही आली आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. असे अभिप्राय मी लिहिते, मला मिळतात आणि विभागातल्या मुलांना ते लिहिताना मदतही करते. या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे. अभिप्राय निरुपयोगी ठरतो तो बहुतेक वेळा भाषेमुळे नव्हे. लिहिणाऱ्याने लिहायला बसण्याआधी काहीच तपासलेले नसते, म्हणून तो निरुपयोगी ठरतो.

गेल्या वर्षीचे एक उदाहरण सविस्तर सांगते. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आमच्या विभागातल्या एका तरुण इंजिनिअरला उत्पादन विकास विभागातल्या सहकाऱ्याविषयी लिहायचे होते. ग्राहकाकडून आलेले ड्रॉईंगमधले बदल शॉप फ्लोअरपर्यंत पोहोचवण्याचे काम त्या सहकाऱ्याकडे असते. याने पहिल्या मसुद्यात लिहिले होते : “संवाद कमी पडतो. ड्रॉईंगमधले बदल कधीच वेळेवर कळवत नाहीत. जबाबदारीची जाणीव वाढवावी.” तो म्हणाला, “मॅडम, शब्द जरा सौम्य करून द्या.” मी त्याला सांगितले, “शब्दांना आत्ता हात लावू नकोस. आधी एप्रिलपासूनचे बदलाचे सगळे मेल काढ आणि प्रत्येक मेल किती वाजता आला, त्या दिवशी फ्लोअरवर काय झाले, हे समोरासमोर मांड.”

त्याने मांडले तेव्हा वर्षभरात त्याच्या लाइनशी संबंधित असे सहा बदल निघाले. त्यांपैकी चार सकाळी कळवलेले होते आणि त्या चारही वेळी काही अडचण आली नव्हती. उरलेले दोन संध्याकाळी सहानंतर कळवलेले होते आणि गोंधळ नेमका त्या दोन वेळीच झाला होता. म्हणजे “कधीच वेळेवर कळवत नाहीत” हे वाक्य खोटे होते. ते तसेच गेले असते तर वाचणाऱ्याने ते चार सकाळचे मेल काढून दाखवले असते आणि उरलेला सगळा अभिप्राय तिथेच बाद झाला असता. “नेहमी”, “कधीच”, “प्रत्येक वेळी” असे शब्द आले की वाचणारा माणूस अपवाद शोधू लागतो, आणि तो त्याला हमखास सापडतो.

त्या दोन प्रसंगांपैकी पहिला मोठा होता. एका भागाच्या २५ मिलिमीटर व्यासाच्या बोअरची, म्हणजे आतल्या गोल छिद्राची, मूळ मापाच्या वरची मर्यादा ग्राहकाने ३३ मायक्रॉनवरून २१ मायक्रॉनवर आणली. बदलाचा मेल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघाला. तोवर जनरल शिफ्टचे लोक घरी गेले होते. सेकंड शिफ्टच्या तपासनिसाकडे मेल नसतो. त्याच्यासमोर मशीनपाशी लावलेले छापील ड्रॉईंग असते आणि ते जुनेच होते. पहिला नग त्या जुन्या ड्रॉईंगप्रमाणे तपासून पास झाला आणि शिफ्टभर काम चालू राहिले. सकाळी १२० नग वेगळे काढून प्रत्येकाचा बोअर मोजावा लागला आणि त्यांतले ३८ नग नव्या मर्यादेबाहेर गेले. बोअर एकदा मोठा झाला की तो लहान करता येत नाही, त्यामुळे ते नग भंगारात काढावे लागले. दुसऱ्या वेळी मशीन लावणाऱ्या सेटरला बदलाची कुणकुण आधीच लागली होती, त्याने विचारून घेतले, म्हणून नुकसान टळले.

इथे न्यायाचा प्रश्न येतो. जुने ड्रॉईंग मशीनवरून काढून नवे लावण्याचे काम ज्या विभागाकडे आहे, तो विभाग संध्याकाळी बंद असतो. ग्राहकाचा मेलही त्या दिवशी साडेपाचला आला होता. मग ३८ नगांपैकी त्या सहकाऱ्याच्या हातात नेमके काय होते? शांतपणे पाहिले तर एकच गोष्ट होती : मेल पाठवल्यावर सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला एक फोन करणे. बाकीचा दोष व्यवस्थेचा होता. तो व्यवस्थेच्या बैठकीत मांडायला हवा. एका माणसाच्या अभिप्रायात त्याला जागा नाही. अभिप्राय लिहिताना मी प्रत्येक प्रसंगाला हाच प्रश्न लावते : या माणसाच्या हातात यातले किती होते? परिणाम मोठा झाला म्हणून चूक मोठी होत नाही, आणि भंगाराचा ढीग डोळ्यांसमोर असताना हा फरक फार सहज नजरेआड होतो.

नोंदी पाहून झाल्यावर त्याने जे लिहिले, ते मी त्याच्या संमतीने जवळजवळ तसेच देते :

“या वर्षी तुम्ही आमच्या लाइनला ड्रॉईंगमधले सहा बदल कळवलेत. त्यांपैकी चार सकाळी कळवलेत आणि त्या चारही वेळी नवे ड्रॉईंग उत्पादन सुरू होण्याआधी मशीनवर लागले. बोअरच्या मर्यादेचा बदल मात्र संध्याकाळी सहानंतर मेलने आला. सेकंड शिफ्टला तो कळला नाही, जुन्या ड्रॉईंगवर १२० नग झाले आणि त्यांतले ३८ नाकारावे लागले. ग्राहकाचा मेल तुम्हालाही उशिरा मिळाला होता आणि ड्रॉईंग बदलणे तुमच्याकडे नाही, हे मला माहीत आहे. तरी चारनंतर येणाऱ्या बदलासाठी मेलबरोबर शिफ्ट सुपरवायझरला फोन केलात, तर तो नवे ड्रॉईंग येईपर्यंत मशीन थांबवू शकेल. दुसरा काही मार्ग तुम्हाला सोयीचा वाटत असेल तर मी बसून ठरवायला तयार आहे.”

हा अभिप्राय पहिल्या मसुद्यापेक्षा कितीतरी लांब आहे आणि माझ्या मते तो तेवढा असायलाच हवा. प्रसंग, वर्तन आणि परिणाम या क्रमाने लिहिण्याची रीत अमेरिकेतील सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने रूढ केली आणि आपल्याकडच्या प्रशिक्षणांतही ती शिकवतात. पण तो साचा भरण्यासाठी लागणारा माल मेलपेटीत, तपासणीच्या नोंदवहीत आणि बैठकीच्या इतिवृत्तात पडलेला असतो. तो काढला नाही तर साचा फक्त नीटनेटका दिसतो. शिवाय नोंदी न पाहता लिहिणाऱ्याला फेब्रुवारी-मार्चच तेवढा आठवतो. एप्रिल ते जानेवारी या काळात माणसाने केलेले काम त्याच्या अभिप्रायातून गळून पडते, मग ते चांगले असो वा वाईट.

पहिल्या मसुद्यातले “जबाबदारीची जाणीव वाढवावी” हे वाक्य मात्र मला सर्वांत घातक वाटले. ते माणसाच्या स्वभावाविषयी बोलते, आणि स्वभाव आपल्याला दिसत नसतो. दिसते ते कृत्य. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरचे अनेक दशकांचे अभ्यास एकत्र तपासले. अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती उलट खालावली, असे त्यांना आढळले. लक्ष कामावरून माणसाच्या स्वतःच्या प्रतिमेकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. “बेजबाबदार” या अर्थाचे काही वाचले की माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो आणि फोन कोणाला करायचा हा मुद्दा बाजूलाच राहतो.

मूल्यमापनातल्या गुणांचेही असेच आहे. स्कलेन, माउंट आणि गॉफ यांच्या २००० सालच्या अभ्यासात व्यवस्थापकांना मिळालेल्या गुणांतल्या फरकापैकी निम्म्याहून अधिक भाग गुण देणाऱ्यांच्या स्वतःच्या कलामुळे आलेला दिसला. म्हणून पाचपैकी तीन गुण देऊन गप्प बसणाऱ्या सहकाऱ्याने आपली सवय तेवढी कळवलेली असते. प्रसंग लिहिला, तर वाचणाऱ्याला तो स्वतः पडताळून पाहता येतो आणि न पटल्यास तसे सांगताही येते.

कौतुकालाही हीच कसोटी लावावी, असे मला कळकळीने वाटते, कारण तिथे आपण फारच सैल होतो. “उत्तम सहकारी, नेहमी मदतीला तत्पर” हे वाचून बरे वाटते, पण पुढच्या वर्षी नेमके काय चालू ठेवायचे ते कळत नाही. त्याऐवजी “नव्या फिक्स्चरची चाचणी घेण्यापूर्वी तुम्ही ऑपरेटरला बोलावून नग बसवून पाहायला सांगितलेत, त्याने दाखवलेली अडचण चाचणीआधीच दूर झाली” असे लिहिले तर त्या माणसाला आपली एक चांगली सवय पहिल्यांदाच बाहेरून दिसते. शिवाय पगारवाढीच्या बैठकीत त्याच्या साहेबाला हातात धरायला काही तरी मिळते. टीका तेवढी तपशिलात आणि कौतुक ढोबळ, असे झाले तर तो अभिप्राय अन्यायाचाच आहे, मग त्यातले प्रत्येक वाक्य खरे का असेना.

गुप्ततेविषयी थोडेसे. पोर्टलवर नाव दिसत नाही, पण तीनच सहकारी लिहिणारे असतील तर बोअरचा प्रसंग कोणी लिहिला हे वाचणाऱ्याला ओळखता येते. त्या भीतीने लोक प्रसंग गाळतात आणि पुन्हा विशेषणांवर येतात. माझा सल्ला असा की भंगारात नग गेल्यासारखी मोठी गोष्ट त्याच आठवड्यात समोरासमोर बोलावी. मार्चमध्ये ती लेखी वाचताना समोरच्याला धक्का बसायला नको. आमच्या त्या तरुण इंजिनिअरलाही मी हेच सांगितले. अभिप्राय पाठवण्याआधी तो त्या सहकाऱ्याला कॅन्टीनमध्ये भेटला आणि चारनंतर फोन करण्याची पद्धत तिथेच ठरली. अभिप्रायातले शेवटचे वाक्य त्याने त्यानंतर बदलले आणि फोनची पद्धत ठरल्याची नोंद केली.

एक बाब लोक विचारतात म्हणून लिहिते. यादीत असे एखादे नाव येते, ज्याच्याबरोबर वर्षभरात दोन बैठकांपलीकडे संबंध आलेला नसतो. तिथे इतरांकडून ऐकलेले लिहू नये, कारण आपण पाहिलेले नाही त्याची जबाबदारी आपल्याला घेता येत नाही. तीच ऐकीव गोष्ट तिघांनी लिहिली तर वरच्यांना ती तीन साक्षींसारखी दिसते. “या वर्षी आमचे एकत्र काम फारसे झाले नाही, त्यामुळे या मुद्द्यांवर मत देण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही” असे लिहून तो रकाना सोडावा आणि ज्या सहकाऱ्याने त्यांच्याबरोबर खरोखर काम केले आहे, त्याचे नाव एचआरला सुचवावे.