भागीदारी पत्र लिहिताना फार डोकं चालवू नका

तुम्ही आणि तुमचे मेहुणे मिळून हार्डवेअरचं दुकान काढताय, आनंद आहे. आता भागीदारी पत्र करायचं. त्यासाठी सीएकडे जाऊन उगाच पैसे घालवू नका. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे तयार नमुना असतोच. त्यातलं एक वाक्य मात्र अजिबात बदलू देऊ नका: ‘भागीदारांचा पगार वर्षअखेरीस परस्पर संमतीने ठरवला जाईल.’ किती समंजस वाक्य आहे! घरातलं भांडण टळतं आणि आयकर खात्यालाही मनापासून आवडतं.

खात्याला ते का आवडतं, तेही सांगतो. 2025-26 पर्यंतच्या वर्षांना लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 40(बी) म्हणतं की भागीदाराचा पगार फर्मला खर्च म्हणून तेव्हाच मिळेल, जेव्हा तो भागीदारी पत्रात मंजूर असेल आणि पत्राप्रमाणेच दिलेला असेल. 1996 च्या परिपत्रक क्रमांक 739 मध्ये तर स्वच्छ लिहिलंय की पत्रात प्रत्येकाची रक्कम तरी हवी, नाहीतर ती काढायची रीत तरी हवी. ‘कलमाच्या कमाल मर्यादेइतका पगार, दोघांत निम्मा निम्मा’ एवढं लिहिलं तरी काम भागलं असतं. पण एवढी ओळ कोण वाढवणार? टायपिस्ट पानाचे पैसे घेतो.

व्याजातही हात आखडू नका. मेहुण्यांनी 10 लाख भांडवल घातलंय, त्यांना सरळ 18 टक्के लिहून द्या. कायदा साध्या व्याजाने 12 टक्केच मान्य करतो, पण पाहुण्यांपुढे कायदा काढणं बरं दिसत नाही.

आता 2025-26 चा हिशेब मांडू. पगार आणि व्याज धरण्याआधी दुकानाचा नफा 13 लाख. मेहुण्यांना व्याज दिलं 1,80,000, त्यातलं मान्य 1,20,000. वरचे 60,000 फर्मच्या उत्पन्नातच राहिले. म्हणजे पगाराची मर्यादा ज्यावर मोजतात तो ‘बुक प्रॉफिट’ आला 11,80,000. त्यातल्या पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के किंवा 3 लाख, यांत जे जास्त असेल ते, म्हणजे इथे 5,40,000. उरलेल्या 5,80,000 वर 60 टक्के, म्हणजे 3,48,000. एकूण 8,88,000 पगार कायद्यात बसत होता. (तोटा झाला असता तरी 3 लाखांपर्यंत पगार चालला असता. सरकार कधीकधी असं हळवं होतं.)

बसत होता, पण तुमच्या समंजस वाक्यामुळे मिळाला शून्य. फर्मला 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्के. पत्र नीट असतं तर 2,92,000 वर 91,104 रुपये भरून सुटला असता. आता 11,80,000 वर 3,68,160 भरा. तुम्हा दोघांचं दुसरं उत्पन्न नसेल तर 4,44,000 चा पगार नव्या कर प्रणालीत दोघांच्याही हाती करमुक्त राहिला असता, ही गोष्ट घरी सांगू नका.

मार्चमध्ये जाग आली तर घाबरू नका. नवं पत्र करा आणि वर मागच्या एप्रिलची तारीख टाका. पत्राच्या आधीच्या काळाचा पगार कायद्याला चालत नाही, हे खरं. स्टॅम्प पेपर मार्चमध्ये विकत घेतल्याची नोंद त्याच कागदावर असते, हेही खरं. पण अधिकारी कागद उलटून बघेलच असं कशाला धरायचं?

एवढ्यात वहिनींनाही भागीदार करून घ्या आणि त्यांच्या नावेही पगार लावा. कायद्याला ‘वर्किंग पार्टनर’ लागतो, म्हणजे फर्मच्या कारभारात प्रत्यक्ष लक्ष घालणारी व्यक्ती. वहिनी दुकानाच्या पायरीवरही आल्या नसतील, पण पत्रात तसं टाइप करून घेतलंय ना! चौकशीत त्यांना अर्धा इंच आणि पाऊण इंच नळाची किंमत विचारली, तर ‘ह्यांना विचारा’ म्हणतील. उत्तर प्रामाणिक आहे आणि पगार नामंजूर व्हायला पुरेसंही आहे.

राहता राहिला टीडीएस. 1 एप्रिल 2025 पासून त्याच कायद्यात कलम 194टी आलं: भागीदाराला वर्षभरात पगार, बोनस, कमिशन, व्याज मिळून 20,000 च्या वर गेलं की 10 टक्के कापायचे. तुम्ही कापू नका. विचारलंच तर सांगा, ‘हातात कुठे पैसे घेतले, भांडवल खात्याला नुसती जमा नोंद केलीय.’ कलमात भांडवल खात्याला जमा केलेली रक्कमही धरलेली आहे, त्यामुळे हा बचाव ऐकून समोरचा अधिकारी बराच वेळ तुमच्याकडे बघत राहील. मेहुण्यांच्या व्याजावर टीडीएस काढताना मान्य झालेले 1,20,000 नव्हे, तर दिलेले पूर्ण 1,80,000 धरायचे असतात. म्हणजे नामंजूर झालेल्या 60,000 वर फर्मने कर भरायचा आणि त्याच रकमेचा टीडीएसही कापून द्यायचा. ते 60,000 मेहुण्यांच्या उत्पन्नात धरले जात नाहीत, तेव्हा कापलेले पैसे परत मिळवायला त्यांना रिटर्न भरावं लागेल. ते कसं भरायचं, हे त्यांना त्याच टायपिस्टकडून समजून घ्यायला सांगा.