भर दुपारी, पडदे उघडे, १०० इंची चित्र?

«९००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आहे, भर दुपारी पडदे उघडे ठेवून १०० इंची चित्र टीव्हीसारखं दिसतं. ऑटो कीस्टोन आहे, टीपॉयवर कसाही तिरका ठेवा, तो सांभाळून घेतो. फिकं वाटलं तर ब्राइटनेस १०० करा.»

हा मेसेज वाचून माझ्या मावशीने असाच एक प्रोजेक्टर घेतला. घर ठाण्यात घोडबंदर रोडला, सोळावा मजला, हॉलला पश्चिमेची बाल्कनी. रविवारी चार वाजता मॅच लावली तर भिंतीवर खेळाडूंच्या नुसत्या सावल्या हलत होत्या. मावशीला वाटलं, पीस खराब आला. पीस ठणठणीत होता.

आधी ९००० च्या आकड्याबद्दल. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा भिंतीवर पोचणाऱ्या उजेडाचा नसतो. त्यासाठी ॲन्सी ल्युमेन बघायचे. मावशीच्या मॅन्युअलमध्ये ते बारीक अक्षरात होते, २५०. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर भरतं. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, तेव्हा भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड पडतो जेमतेम ९० लक्स. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप घेतलं, फोन भिंतीला टेकवून स्क्रीन खोलीकडे केली, तर बाल्कनीतून येणारा उजेडच २८० लक्स निघाला. फोनचा आकडा ढोबळ असतो, पण इथे तेवढा पुरतो.

आता मुख्य गोष्ट. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रात जिथे काळं असायला हवं तिथे भिंत जशी आहे तशीच दिसते. म्हणून मावशीकडचा काळा २८० लक्सचा आणि पांढरा ३७० लक्सचा. दोघांत दीडपटीचाही फरक नाही, मग चेहरे दिसणार कसे? पडदे आणि बाल्कनीचं दार लावल्यावर भिंतीवर २० लक्स उरले. पांढरा ११०, काळा २०, म्हणजे साडेपाच पट. एवढाच फरक पडदे उघडे ठेवून मिळवायला ३००० ॲन्सीचा प्रोजेक्टर आणला तरी हिशोब पाचपटीच्या आतच अडकतो. मग आम्ही पडदे लावलेलेच ठेवून प्रोजेक्टर पुढे सरकवला आणि चित्र ६० इंचांवर आणलं. तोच उजेड एक चौरस मीटरमध्ये एकवटला आणि फरक तेरा पटींवर गेला. त्या हॉलमध्ये प्रोजेक्टरपेक्षा बाल्कनीच्या पडद्याच्या कापडावर खर्च करणं जास्त शहाणपणाचं होतं.

ब्राइटनेस १०० केल्याने तर चित्र आणखी बिघडतं. मेनूमधला तो आकडा बहुतेक प्रोजेक्टरमध्ये दिव्याला हात लावत नाही. तो चित्रातले काळे भाग उचलून राखाडी करतो, पांढरा तर आधीच टोकाला पोचलेला असतो. दिव्याची सेटिंग वेगळी असते, इको किंवा नॉर्मल अशा नावाने. इको असेल तर ती बदला. ब्राइटनेस ५० च्या आसपासच राहू द्या.

आता कीस्टोन. टीपॉयवरून वर तोंड करून ठेवलेल्या प्रोजेक्टरचं चित्र वरच्या बाजूला रुंद होतं. ऑटो कीस्टोन ते चौकोनी करतो खरा, पण चित्र तयार करणाऱ्या आतल्या पॅनेलवरच ते आक्रसून. कडेचे पिक्सेल वाया जातात आणि त्यांच्या वाट्याचा उजेडही, म्हणजे आधीच अपुऱ्या उजेडातून आणखी कपात. फोकसला तर कीस्टोन हातही लावत नाही. लेन्सचा फोकस तिच्या समोरच्या एका सपाट प्रतलावर जमतो. मावशीचा प्रोजेक्टर जवळपास वीस अंश वर वळवलेला होता. लेन्सच्या दिशेने मोजलं तर चित्राची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर दूर पडत होती. त्यामुळे खालचा स्कोअर सुबक दिसला की वरची नावं पुसट व्हायची, आणि वरचं नीट केलं की स्कोअर पुसट. कितीही वेळ फोकस फिरवला तरी हा खेळ संपत नाही.

तुमच्याकडे असंच होत असेल तर कीस्टोन शून्यावर आणा, ऑटोही बंद करा. चौकट वाकडी दिसली तर प्रोजेक्टरच तिरका आहे. त्याला उंच स्टुलावर घ्या आणि चौकट आपोआप काटकोनात येईपर्यंत उंची आणि दिशा जुळवत राहा. काही मॉडेलमध्ये लेन्स चित्राच्या मध्यासमोर यावी लागते, काहींत खालच्या कडेच्या पातळीवर. मग पंधरावीस मिनिटं चालू ठेवा, कारण स्वस्त लेन्स तापली की फोकस थोडा सरकतो, आणि त्यानंतर बारीक अक्षरं बघत फोकस लावा. एवढं करूनही थोडा तिरकेपणा राहिला तर चिमूटभर कीस्टोन चालेल.

मावशीने गॅलरीच्या दाराला ब्लॅकआउट पडदा लावला आणि प्रोजेक्टर शिवणमशीनच्या टेबलावर चढवला. आता दुपारी ६० इंच, दिवेलागणीनंतर १०० इंच, आणि स्कोअर कोपऱ्यातही वाचता येतो.