मधला माणूस जिंकतो, पण कधी?

निवडणूक जवळ आली की आमच्या सांगलीत चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सगळे सारखेच ओ, कुणालाबी द्या." बोलणारा अर्थशास्त्र शिकलेला असेल तर त्यावर फोडणी पडते: "हे सिद्धच झालंय. मीडियन व्होटर थिअरम. सगळे पक्ष शेवटी मधल्या मतदाराकडेच सरकतात."

मी हा विषय शिकवतो, त्यामुळे हे ऐकलं की हात शिवशिवतात. थिअरम खरा आहे, सुंदर आहे आणि शाळकरी गणितात बसतो. पण "जर" म्हणून सुरू होणारं अर्धं वाक्य लोक गिळून टाकतात आणि "तर" तेवढं सांगतात. सगळी गंमत त्या "जर"मध्येच आहे. म्हणून आज आमच्या अपार्टमेंटच्या मीटिंगचं उदाहरण घेऊन लिहितो. आकडे हिशेबाच्या सोयीने बदललेत, शेजाऱ्यांनी स्वतःला शोधत बसू नये.

नऊ फ्लॅट. प्रश्न एकच, महिन्याचा मेंटेनन्स किती? प्रत्येकाच्या मनातला आकडा लहानापासून मोठ्यापर्यंत लावला: ५००, ५००, ६००, ७००, ८००, १०००, १२००, १५०० आणि शेवटी २५००. हे शेवटचे म्हणजे लिफ्ट, सीसीटीव्ही, बाग सगळं पाहिजे असणारे गृहस्थ. बरोबर मधला, म्हणजे पाचवा आकडा ८००.

आता कोणताही दुसरा आकडा या ८०० समोर उभा करा आणि हात वर करायला सांगा. ७०० विरुद्ध ८०० लावलं तर ८०० वाला आणि त्याच्या वरचे चौघे ८०० लाच हात वर करणार. पाच विरुद्ध चार. १००० विरुद्ध ८०० लावलं तर ८०० वाला आणि खालचे चौघे, पुन्हा पाच. ५०० आणा, १५०० आणा, ८०० हरतच नाही. डंकन ब्लॅक नावाच्या स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडलं ते एवढंच. आकड्यांच्या रेघेवर मधोमध उभ्या असलेल्या माणसाची पसंती समोरासमोरच्या मतदानात कुणालाही हरवता येत नाही.

यात लोक गोंधळतात ते सरासरीशी. या नऊ आकड्यांची सरासरी १०३३ च्या आसपास येते. मधला माणूस मात्र ८०० वर. हा फरक फार कामाचा आहे. २५०० वाल्या गृहस्थांनी उद्या "माझं मत पाच हजार" असं ठणकावलं, तर सरासरी १३११ वर उडी मारते, पण मधला जागचा हलत नाही. म्हणजे सरासरी काढून ठरवायचं म्हटलं की आवाज चढवणाऱ्याचा फायदा, आणि मधला आकडा घेतला की ताणून बोलण्याचा उपयोग शून्य. आमच्याकडे दरवर्षी "सगळ्यांचं ऐकून काहीतरी मधलं काढू" असं म्हणत प्रत्यक्षात सरासरीच काढतात, आणि म्हणूनच सगळे आपापला आकडा फुगवून किंवा चेपून सांगतात.

आता "जर"कडे येऊ. सर्वात महत्त्वाची अट अशी: प्रत्येकाच्या मनात एकच शिखर हवं. म्हणजे तुमच्या आवडत्या आकड्यापासून कोणत्याही एका बाजूला जितकं लांब जाल तितकं तुम्हाला कमी आवडत गेलं पाहिजे. मेंटेनन्सला हे बहुधा लागू पडतं. ज्याला ५०० हवेत त्याला ८०० नकोत, पण १५०० पेक्षा ८०० परवडले. अट वाचताना इतकी साधी वाटते की ती मोडेल कशी असंच वाटतं.

ती मोडते, आणि आमच्या डोळ्यांदेखत मोडली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. आमचं पार्किंग बुडालं, आणि पार्किंगच्या भिंतीवरची विजेची सगळी मीटरं आणि मोटरचं पॅनेल पाण्यात गेलं. गाळ उपसून झाल्यावर मीटिंग बसली. पर्याय तीन. मीटरं आहेत तिथेच नवी बसवायची. किंवा त्याच भिंतीवर चार फूट वर घ्यायची. किंवा सगळं पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी न्यायचं, ज्यात वायरिंग नव्याने करावी लागणार, खर्च मोठा.

नऊ जणांचे तीन-तीनचे गट पडले. पहिला गट काटकसरी: आहे तिथेच ठेवा, फार तर चार फूट, पहिला मजला नकोच. दुसरा गट मधला: चार फूट सर्वांत बरं, नाहीतर पहिला मजला, पण काहीच न करणं चूक. या दोघांचं शिखर एकेकच आहे. तिसऱ्या गटाचं म्हणणं तळमजल्यावरच्या अण्णांनी मांडलं: "आवं, चार फुटानं काय हुतंय? येवढं पाणी आलं तर चार फूट बी बुडणार. न्यायचं तर वर न्या, न्हाय तर उगं पैसं घालवू नका, आहे तिथंच ऱ्हाऊ द्या."

अण्णांना बरेच जण आडमुठे म्हणाले. मला त्यांचा हिशेब अगदी चोख वाटला. अर्धवट उंची म्हणजे खर्च झाला आणि संरक्षण मिळालं नाही. पण थिअरमच्या दृष्टीने इथे गोची झाली. अण्णांच्या गटाची पहिली पसंती वरच्या टोकाला, दुसरी खालच्या टोकाला, आणि मधला पर्याय सर्वांत नावडता. त्यांच्या मनात दोन शिखरं आहेत आणि मध्ये दरी.

आता मतं मोजा. "आहे तिथेच" विरुद्ध "चार फूट" लावलं तर काटकसरी आणि अण्णांचा गट मिळून "आहे तिथेच" सहा-तीनने जिंकतं. "चार फूट" विरुद्ध "पहिला मजला" लावलं तर काटकसरी आणि मधला गट मिळून "चार फूट" सहा-तीनने. आणि "पहिला मजला" विरुद्ध "आहे तिथेच" लावलं तर मधला आणि अण्णांचा गट मिळून "पहिला मजला", पुन्हा सहा-तीनने. प्रत्येक पर्याय कुणाला तरी हरवतो आणि कुणाकडून तरी हरतो. फ्रान्सच्या काँदोर्से नावाच्या गणितज्ञाने १७८५ मध्येच हे चक्र दाखवून ठेवलंय. इथे बहुमताची इच्छा काय, या प्रश्नाला उत्तरच नाही.

मग निकाल लागतो कसा? कोणता पर्याय आधी मतदानाला टाकला त्यावर. आमच्या चेअरमनसाहेबांनी आधी "चार फूट की पहिला मजला" विचारलं. चार फूट जिंकलं. मग चार फुटांसमोर "आहे तिथेच" ठेवलं, आणि आहे तिथेच जिंकलं. मीटरं खालीच बसली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा भिजली. सुरुवात "आहे तिथेच की चार फूट" अशी केली असती तर शेवटी पहिला मजला आला असता. चेअरमननी मुद्दाम केलं असं मला म्हणायचं नाही, त्यांनी सुचला तो क्रम घेतला. पण चक्र असलं की विषयपत्रिका लिहिणाऱ्याच्या हातात सगळ्यांपेक्षा मोठं मत असतं, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

हे आधी ओळखता येतं का? येतं. लोकांना फक्त "तुम्हाला काय पाहिजे" विचारून भागत नाही, दुसरी आणि तिसरी पसंतीही विचारावी लागते. मधला पर्याय कुणाच्या यादीत सर्वांत खाली आहे का ते बघायचं. तसं कुणीच नसेल तर निर्धास्त मतदान घ्या, क्रम कोणताही चालेल. अण्णांच्या गटाने "पहिला मजला, नाहीतर चार फूट" असं म्हटलं असतं, तर चार फूट दोन्ही लढती सहा-तीनने जिंकलं असतं.

अजून एक गोष्ट, हजेरीची. मधला माणूस म्हणजे गावातला मधला नव्हे, मतदानाला आलेल्यांतला मधला. मेंटेनन्सच्या मीटिंगला १५०० आणि २५०० वाले आलेच नाहीत, तर उरलेल्या सातांत मधला ७०० वर येतो. उलट ५०० वाले दोघे पुण्याला असले तर तो १००० वर जातो. कुणाचंही मत बदललेलं नसताना निकाल तीनशे रुपयांनी इकडचा तिकडे.

राजकारणात हा थिअरम नेला अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्सने, १९५७ मध्ये. उमेदवार दोनच, दोघांना फक्त जिंकायचंय, सगळे मत देणार आणि सगळं राजकारण एका रेघेवर. मग दोघेही मधल्या मतदाराकडे सरकतात, कारण जो लांब राहील तो हरेल. अमेरिकेतल्या दोन पक्षांकडे बघून हे सुचणं स्वाभाविक आहे, तिथेही ते पूर्ण लागू पडत नाही ही गोष्ट वेगळी.

आता आपला जिल्हा घ्या आणि सगळ्यांना एका रेघेवर उभं करून दाखवा. जतच्या शेतकऱ्याला म्हैसाळ योजनेचं पाणी आपल्या शिवारात कधी येतंय ते बघायचंय. आटपाडीच्याचं लक्ष टेंभू योजनेकडे. वाळव्याचा ऊसवाला कारखान्याच्या दरावर मत देईल, तर सांगली शहरात नदीकाठी राहणाऱ्याला पुराचं बोला. पाणी जास्त मागणारा दराबाबत कुठे उभा राहील हे रेघेवरून कळत नाही. प्रश्न दोन झाले की बहुधा कुणीच न हरणारा मधला शिल्लक राहत नाही. राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकेल्वीने १९७६ मध्ये दाखवलं की अशा वेळी विषयांचा क्रम ठरवणारा बहुमताला पायरी-पायरीने जवळजवळ कुठेही नेऊ शकतो. आमच्या चेअरमनचीच गोष्ट, फक्त मोठ्या प्रमाणात.

शिवाय आपल्याकडे लढती तिरंगी, चौरंगी. तीन उमेदवार एका रेघेवर असतील तर मधल्याला दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि मध्ये राहणं तोट्याचं ठरू शकतं. आणि कधी कधी रेघ कोणती हेच कळत नाही. २०२४ ला सांगली लोकसभेत आघाडीने जागा एका पक्षाला दिली, भाजपचा उमेदवार समोर होता आणि निवडून आले ते अपक्ष विशाल पाटील. डावं-उजवं किंवा आघाडी-युती अशा रेघेवर ही जागा शोधायला गेलात तर सापडणार नाही. इथलं मत इथल्या घराण्यांच्या आणि तालुक्यांच्या हिशेबाने पडलं.

तेव्हा गाड्यावर कुणी "सगळे मध्याकडेच जातात" म्हणालं तर मी दोनच प्रश्न विचारतो: रेघ कोणती, आणि त्या रेघेवर मधलं कुणाला सर्वांत नकोसं आहे का? आणि समजा दोन्हीची उत्तरं सरळ आली, तरी थिअरम फक्त कोण जिंकेल ते सांगतो, कुणाचं किती पणाला लागलंय ते नाही. पुरात आमच्या वरच्या मजल्यावरच्यांना दोन दिवस अंधारात काढावे लागले, अण्णांचं घरच गेलं. हात वर करताना मात्र दोघांचाही एकेकच.