मास्क चुकला तरी फायरवॉल काही बोलत नाही

«सिक्युरिटीच्या परीक्षेसाठी सबनेटिंगवर वेळ घालवू नका. /24 म्हणजे २५४ मशीन एवढं पाठ असलं की पुरे, बाकी ऑनलाइन कॅल्क्युलेटर करतो. आणि प्रत्येक ऑफिसला वेगळं सबनेट दिलं की नेटवर्क सुरक्षित झालंच.»

हा सल्ला मला पटत नाही. आधी कॅल्क्युलेटरचं. परीक्षेत तो हाताशी नसतो हे खरं, पण माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. सिक्युरिटी प्लससारख्या परीक्षांमध्ये सबनेटचं कोष्टक क्वचितच थेट भरायला येतं. फायरवॉलचे नियम आणि लॉग समोर असतात, आणि कोणत्या नियमातून कोणती मशीन आत येतात हे ओळखायचं असतं. कॅल्क्युलेटर तुम्ही टाकलेल्या मास्कची रेंज सांगेल. तो मास्क त्या जागी बरोबर आहे का, हे त्याला माहीत नसतं.

एक उदाहरण सोडवू. कंपनीकडे 10.20.40.0/24 आहे. पुण्यात १०० मशीन, नाशिकला ५०, कोल्हापूरला २५. सगळ्यात मोठ्या ऑफिसपासून सुरुवात करायची. पुण्याला /26 पुरत नाही, कारण त्यात वापरण्याजोगे ६२ पत्तेच असतात. म्हणून /25, म्हणजे १२६. नाशिकला /26. कोल्हापूरला /27, त्यात ३०.

```
पुणे       10.20.40.0/25     .0   – .127
नाशिक      10.20.40.128/26   .128 – .191
कोल्हापूर    10.20.40.192/27   .192 – .223
शिल्लक     10.20.40.224/27   .224 – .255
```

प्रत्येक रेंजचा पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून दोन वजा. शिल्लक भागातून ऑफिसांमधल्या लिंकसाठी दोन /30 सहज निघतात.

तोंडी करायची रीत सोपी आहे. /26 चा मास्क 255.255.255.192. 256 − 192 = 64, म्हणून सीमा ०, ६४, १२८, १९२ इथेच पडतात. लॉगमध्ये 10.20.40.170 दिसला की तो १२८ आणि १९२ च्या मधला, म्हणजे नाशिकचा.

सीमा तिथेच पडतात, हे विसरलं की पुढची चूक होते. समजा कोणी लहान ऑफिसपासून सुरुवात केली, कोल्हापूरला .0/27 दिलं आणि लगेच पुढे नाशिकला .32/26 लिहिलं. ३२ ही ६४ च्या ब्लॉकची सीमाच नव्हे. पायथन हे पकडतो:

```
>>> import ipaddress
>>> ipaddress.ip_network('10.20.40.32/26')
ValueError: 10.20.40.32/26 has host bits set
```

लिनक्सचा `iptables` मात्र तक्रार न करता त्याचं 10.20.40.0/26 करून टाकतो. नाशिकसाठी लिहिलेल्या नियमात कोल्हापूर आपोआप शिरतं.

आता वरच्या बरोबर आराखड्याकडे परत येऊ. पुण्यातल्या अकाउंट्सच्या सर्व्हरचं, 10.20.40.10 चं, पोर्ट 445 फक्त नाशिकला उघडायचं आहे. कोणी घाईत /27 लिहिलं, तर नियम .159 वर संपतो आणि त्यापुढची नाशिकची मशीन अडकतात. लगेच फोन येतो, चूक सापडते. /25 लिहिलं, तर .128 पासून .255 पर्यंत सगळं आत येतं, कोल्हापूर आणि लिंकसुद्धा. नाशिकचं काम चालू, कोणाचीच तक्रार नाही, आणि भोक वर्षानुवर्षं तसंच राहतं. जास्त रुंद नियम स्वतःहून कधीच उघडा पडत नाही. तो वाचूनच ओळखावा लागतो, आणि त्यासाठीच हे गणित डोक्यात हवं.

२५४ हाही सगळीकडे चालणारा आकडा नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते राखीव असतात, म्हणून /24 मध्ये २५१ उरतात.

राहिला सुरक्षिततेचा मुद्दा, आणि तोच सगळ्यात धोकादायक आहे. सबनेट ही पत्त्यांची वाटणी आहे. दोन सबनेटच्या मध्ये राउटर असतो आणि त्याचं कामच पॅकेट पलीकडे पोचवणं. त्याच्यावर अ‍ॅक्सेस लिस्ट नसेल, तर कोल्हापूरचा लॅपटॉप अकाउंट्सच्या सर्व्हरपर्यंत बिनदिक्कत जातो. एकाच ऑफिसात दोन विभागांना वेगळी सबनेट देऊन व्हीलॅन एकच ठेवलं, तर ती वाटणीही नावापुरती. मशीनचा पत्ता हाताने बदलला की पलीकडच्या विभागात प्रवेश.

तपासणी नेहमी ज्याला बंदी आहे त्याच्या बाजूने करा. कोल्हापूरच्या मशीनवरून:

```
nmap -Pn -p 445 10.20.40.10
```

`open` आलं तर नियम फसला. `filtered` आलं तर बहुधा फायरवॉल अडवतो आहे. `closed` आलं तर फसू नका: बहुतेक वेळा पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचलेलं असतं, फक्त त्या पोर्टवर सेवा चालू नसते. नुसत्या पिंगवर विसंबू नका. पिंग बंद आणि 445 उघडं, असं सहज असू शकतं.