रूमच्या भाड्यातला फरक आणि मामांचं सव्वा लाखाचं बिल

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा फिरलेला मेसेज: "पाच लाखांचा हेल्थ इन्शुरन्स असेल तर घाबरू नका. १) कार्ड कॅशलेस आहे, खिशातून एक रुपयाही जात नाही. २) रूम जरा महागाची घेतली तरी फक्त भाड्यातला फरक भरावा लागतो. ३) को-पेमेंट म्हणजे सुरुवातीला भरायची छोटी रक्कम. ४) तीन वर्षं हप्ते भरले की कंपनी कुठलाही क्लेम नाकारू शकत नाही."

आधी दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यातच बुडतात. गेल्या वर्षी माझ्या मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पॉलिसी पाच लाखांची, रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. मामी म्हणाली, "चार दिवसांचा तर प्रश्न, जरा मोकळी खोली घेऊ." घेतली ८,००० ची. दिवसाला तीन हजार जास्त, म्हणजे चार दिवसांचे बारा हजार, असा आम्हा सगळ्यांचा हिशेब होता.

बिल झालं २,६६,००० रुपये. (आकडे सोयीसाठी हजारांत गोल केले आहेत.) खोलीचे ३२,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून १,२०,०००. सांध्याचं इम्प्लांट ७०,०००, औषधं ३०,०००, तपासण्या ८,०००. उरलेले ६,००० फायलीचे, ग्लोव्हजचे वगैरे. हे बहुतेक पॉलिसींमध्ये मिळतच नाहीत.

मर्यादा पाच हजारांची आणि खोली आठ हजारांची, म्हणजे मामांचा हक्क ६२.५ टक्क्यांचा. हे प्रमाण फक्त भाड्याला लागत नाही. बऱ्याच रुग्णालयांत खोलीचा वर्ग चढला की सर्जनची फी, थिएटरचा दर, नर्सिंग हे सगळंच चढतं. म्हणून पॉलिसीत 'असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस' या नावाखाली येणाऱ्या खर्चालाही तीच कात्री लागते. त्या १,२०,००० चे कंपनीने ७५,००० धरले. भाड्यात बारा हजार गेले, ते आम्ही धरलेच होते. त्यामागून पंचेचाळीस हजार गेले, ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

या कात्रीलाही मर्यादा आहे, आणि ती डेस्कवरची माणसं आपणहून सांगत नाहीत. औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या यांना विमा नियामकाच्या नियमानुसार ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. खोली कुठलीही घेतली तरी बाकीचे दर सारखेच ठेवणाऱ्या रुग्णालयात तर ती लागूच होत नाही. काही पॉलिसींत रकमेऐवजी 'सिंगल प्रायव्हेट एसी रूम' असा खोलीचा प्रकार लिहिलेला असतो. तिथे खोलीचा दर नाही, वर्ग जुळवायचा.

आता को-पेमेंट. ती ठरावीक रक्कम नसते, टक्केवारी असते. शिवाय ती भरती होताना घेत नाहीत. कंपनी जेवढा क्लेम मान्य करते त्यावर ती शेवटी बसते. 'सुरुवातीला भरायची रक्कम' म्हणणाऱ्याच्या डोक्यात बहुधा डिडक्टिबल असावं, म्हणजे कंपनीने द्यायला सुरुवात करण्याआधी आपण सोसायची ठरलेली रक्कम, पण ते प्रकरण वेगळं. मामांच्या पॉलिसीत साठीनंतर २० टक्के को-पेमेंट होतं. नियमाप्रमाणे मान्य रक्कम यायला हवी होती २,०३,००० (खोलीचे २०,०००, वरचे ७५,००० आणि कात्री न लागणारे १,०८,०००). त्याचे वीस टक्के, म्हणजे ४०,६०० रुपये, मामांचे. को-पेमेंटवाली पॉलिसी वाईटच असं मी म्हणणार नाही, हप्ता कमी बसतो. पण पाच लाखांचं कव्हर आहे असं म्हणताना हा वाटा मनातल्या मनात वजा करायला हवा. काही पॉलिसींत लहान गावातून पॉलिसी घेऊन मुंबईत उपचार घेतले तरी को-पेमेंट लागतं, तेही बघून घ्या.

कॅशलेसचं कार्ड म्हणजे ओळखपत्र, तो चेक नव्हे. रुग्णालयाचा इन्शुरन्स डेस्क प्री-ऑथचा, म्हणजे आगाऊ मंजुरीचा फॉर्म कंपनीला किंवा तिच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला पाठवतो. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे त्यावर एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. पहिली मंजुरी बहुधा अर्धवट रकमेची असते. ती बघून हातपाय गाळू नका, आणि निश्चिंतही होऊ नका. खरा हिशेब शेवटच्या मंजुरीतच कळतो. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असंही नाही. बिल भरून, डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, रिपोर्ट आणि इम्प्लांटचं स्टिकर जपून ठेवलं, तर तोच क्लेम नंतर रीइम्बर्समेंटसाठी टाकता येतो.

चौथ्या मुद्द्यात दोन वेगवेगळी घड्याळं एक झाली आहेत. पॉलिसी घेतल्यावर पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर आजारांना कव्हर नसतं. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणं अशा ठरावीक उपचारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठी ही वाट जास्तीत जास्त ३६ महिन्यांची. २०२४ पूर्वी ती ४८ महिन्यांपर्यंत असू शके. मेसेजमधली तीन वर्षं इथून आली असावीत. पण 'माहिती लपवली' असं म्हणून क्लेम नाकारण्याचा कंपनीचा अधिकार संपतो तो सलग ६० महिन्यांनंतर, आणि फसवणूक सिद्ध झाली तर तेव्हाही संपत नाही. पॉलिसीतून कायमचे वगळलेले खर्च तर दहा वर्षांनीही वगळलेलेच. विमा रक्कम तीन लाखांवरून पाच केली, तर वाढीव दोन लाखांचं घड्याळ नव्याने सुरू होतं. मामांनी मधे कंपनी बदलली होती, पण पोर्ट करून, म्हणजे जुन्या पॉलिसीची सलगता न तोडता. त्यामुळे जुनी वर्षं धरली गेली आणि गुडघ्याचा प्रश्न आला नाही.

तर मामांच्या खिशातून नियमाने जायला हवे होते १,०३,६०० रुपये. ५७,००० खोलीच्या नादात, ४०,६०० को-पेमेंटचे आणि ते सहा हजार. प्रत्यक्षात डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर मागितले १,२४,६००. संध्याकाळची वेळ, मामा व्हीलचेअरवर, कोण वाद घालणार? भरले.

घरी येऊन कपातीचा कागद ओळीओळीने पाहिला. कंपनीने ६२.५ टक्क्यांची कात्री इम्प्लांटलाही लावली होती. सत्तर हजारांतले २६,२५० तिथे गेले होते. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. पॉलिसीतलं ते कलम, बिलातली इम्प्लांटची ओळ आणि आमचा हिशेब, एवढंच. तीस दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा पटलं नसतं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाणार होतो. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही, फक्त कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. तशी वेळ आली नाही. को-पेमेंट वजा करून एकवीस हजार मामांच्या खात्यात जमा झाले, सोबत कुठलंही स्पष्टीकरण नव्हतं.