तोंडी ओळख एक आणि हेडलाइन दुसरी, असं चालत नाही

लिंक्डइन प्रोफाइलबद्दल असा सल्ला सर्रास मिळतो: ‘हेडलाइन सर्चसाठी असते, तिथे कीवर्ड भरा. नेटवर्किंगला गेलात की वेगळी, चटपटीत ओळख द्या. आणि दोन्ही जुळवायचीच असतील तर समरी पाठ करून म्हणा, काम झालं.’

समोरचा माणूस प्रोफाइल घरी जाऊन बघेल, असं यात गृहीत धरलंय. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये चहाचा कप हातात असतानाच लोक लिंक्डइनचा क्यूआर कोड स्कॅन करतात. कानावर आत्ताच पडलेलं आणि स्क्रीनवर दिसणारं जुळलं नाही, तर ‘नक्की काय करता तुम्ही?’ हा प्रश्न तिथेच येतो. तो आला की समजायचं, ओळख फसली.

माझ्या परिचयातल्या एक ताई न्हावा शेवातून जाणाऱ्या द्राक्ष-डाळिंबाच्या रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं सांभाळतात. तोंडी त्या हेच सांगायच्या, छान सांगायच्या. हेडलाइन मात्र ‘लॉजिस्टिक्स प्रोफेशनल | टीम प्लेयर | सप्लाय चेन’. गर्दीत भेटलेल्या निर्यातदाराला महिन्याभराने कनेक्शनच्या यादीत ताई ओळखू कशा येणार?

कीवर्डला माझा विरोध नाही. पण हेडलाइनला २२० अक्षरं मिळत असली तरी यादीत आणि मोबाइलवर ती मध्येच कापली जाते, म्हणून जे तोंडाने सांगता तेच सुरुवातीला हवं. ताईंनी आता लिहिलंय: ‘फळांच्या रीफर निर्यातीचं डॉक्युमेंटेशन, न्हावा शेवा’. शोधणारा निर्यातदार टाइप करेल ते शब्दही हेच. सर्च आणि माणूस यांत भांडण नव्हतंच.

समरी पाठ करण्याचा सल्ला तर सरळ नुकसान करतो. समरी २६०० अक्षरांपर्यंत जाते. तीस सेकंदांत सावकाश बोललं तर पन्नास-साठ शब्द होतात. शिवाय लिहिलेलं वाक्य बोलताना अडखळवतं. समरीच्या पहिल्या दोन-तीन ओळी ‘आणखी पाहा’च्या आधी दिसतात, त्यांतली कामं आणि नावं तेवढी उचलायची. ताई म्हणतात, ‘नमस्कार, मी फळांच्या रीफर कंटेनरचं डॉक्युमेंटेशन बघते, न्हावा शेवाला. शिपिंग बिल, फायटो सर्टिफिकेट, सगळं गेट कट-ऑफच्या आत. द्राक्षांच्या सीझनमध्ये एक कागद अडला की कंटेनरची बोट चुकते, ते होऊ न देणं हे माझं काम.’ समरीची पहिली ओळही शिपिंग बिल आणि फायटोचीच आहे.

वेगळं ठेवायचं ते फक्त शेवटचं वाक्य. निर्यातदार भेटला तर ‘या सीझनला तुमचे कागद कोण बघतं?’, फॉरवर्डर भेटला तर ‘तुमच्याकडे रीफरचं काम वाढतंय का?’. हे समोरच्यानुसार बदलतं, म्हणून ते हेडलाइनमध्ये लिहायचं नाही.

जुळलंय का ते बघायचं असेल तर ओळख दिल्यावर क्षेत्राबाहेरच्या कुणाला तरी विचारा, ‘मी काय करते, सांगा बरं.’ त्यांच्या उत्तरातला मुख्य शब्द हेडलाइनमध्ये नसेल तर आधी हेडलाइन बदला.